'ये' पुढचं टिंब

रणधीरचं उत्तर आलं तेव्हा राजेश्वरी बाजरीचं पीठ चाळत होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिनं कोपरानं ओट्यावरचा मोबाईल आपल्याकडं वळवला आणि वाचलं.

'ये.'

एक अक्षर, आणि त्याच्यापुढं टिंब.

तिनं आदल्या दिवशी सकाळी भावाला विचारलं होतं, नीट सविस्तर: 'येळवसला रानात येऊ का? यंदा घरात सण नाही, तर आंबील, भज्जी, उंडे सगळं मी इथून करून आणते. आईला विचारून सांग. वैष्णवी पण येईल.' त्यावर दिवसभर काही नाही, रात्रभर काही नाही. दोन निळ्या रेघा मात्र ताबडतोब उमटल्या होत्या, म्हणजे वाचलं होतं. आणि आता हे.

तिनं चाळणी परातीत आपटली. पिठाचा धुरळा उडाला.

आतल्या खोलीतून वैष्णवी ओरडली, "काय पडलं गं?"

"काही नाही."

रणधीर कसा लिहितो हे राजेश्वरीला पाठ होतं. तो लिहीत नाही, बोलतोच. 'ये की ग अक्का', मग खाली वेगळं 'विचारतीस काय', मग आणखी खाली 'दही लई आण'. एकेक तुकडा सुटा, कुठं स्वल्पविराम नाही, कुठं टिंब नाही. शाळेतसुद्धा त्याच्या उत्तरपत्रिकेत विरामचिन्हं नसायची. बाईंनी एकदा तांबड्या शाईनं लिहिलं होतं, 'श्वास कुठे घ्यायचा?' ती वही अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शेजारपाजाऱ्यांना दाखवली होती आणि स्वतः सगळ्यांत जास्त हसले होते. असा माणूस. त्याच्या बोटानं टिंबाच्या बटणापर्यंत जावं, तर त्याला काहीतरी कारण हवं.

आणि हे पहिलं टिंब नव्हतं. अण्णा गेल्यापासून हेच चाललं होतं. अण्णांच्या चौदाव्यानंतर तिनं लिहिलं होतं, की त्यांचा चष्मा आणि पुस्तकं एका पेटीत घालून ठेव, फेकू नका, मी येऊन नेईन. उत्तर: 'बरं.' आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं लिहिलं होतं, सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव, फोन, कोणत्या वारी भेटतात ते. उत्तर: 'बघतो.' दिवाळीत भाऊबीजेला येणार का विचारलं तर 'नाही.' तिन्ही वेळा तिनं मोबाईल उलटा ठेवला होता आणि दुसऱ्या कामाला लागली होती. कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई होती ती. जुनी कागदपत्रं वाचताना कोण कुणाला कसं संबोधतो आणि शेवट कसा करतो यावरून दरबारातलं वारं ओळखायला मुलांना शिकवायची. भावाचं वारं तिला कळत होतं.

पण येळवस वेगळी होती.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, ढोकीला माहेरच्या रानात कडब्याची कोप, छोटी खोपी, उभी राहायची. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे. सासरी गेलेल्या लेकीनं त्या दिवशी रानात जेवायचं. ती लग्न होऊन धाराशिवला आली त्याला वीस वर्षं झाली, एकही येळवस चुकली नव्हती. कारण बोलावणं चुकलं नव्हतं. ती मुद्दाम विचारायची, "येऊ का अण्णा?" आणि अण्णा कळवायचे. आधी फोनवरून, मग मोबाईलवरून. यंदा पहिल्यांदाच भावाला विचारावं लागलं होतं. माहेर आता त्याच्या हातात होतं. त्यानं दार उघडलं तर आहे, नाही तर नाही. आणि त्यानं लिहिलं होतं, 'ये.' म्हणजे यायचंच असेल तर ये. म्हणजे मी नको म्हणत नाही, लोक काय म्हणतील. म्हणजे ये, जेव आणि जा.

वैष्णवी दारात येऊन उभी राहिली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, सुट्टीला आली होती, आणि दोन दिवसांत आईच्या वाटची सगळी बडबड एकटी करत होती.

"चेहरा बघ तुझा. कुणाचा मेसेज?"

"मामाचा."

वैष्णवीनं मोबाईल उचलला, वाचलं आणि शीळ घातली. "बापरे. मामा पेटलाय."

"बघ. तुला पण तसंच वाटलं ना?"

"वाटायचं काय त्यात. 'ये' आणि टिंब! मला माझ्या रूममेटनं असं पाठवलं तर मी त्या दिवशी रूमवर जाणार नाही."

"का पण?" राजेश्वरी तिच्याकडं न बघता म्हणाली. तिला माहीत होतं; तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "व्याकरणानं बरोबरच आहे की. वाक्य संपलं, पूर्णविराम दिला."

"व्याकरण गेलं चुलीत. हे बघ." वैष्णवी ओट्यावर चढून बसली. "कागदावर लिहिताना वाक्य कुठं संपलं ते कळत नाही, म्हणून टिंब लागतं. बरोबर? इथं तू सेंड दाबलंस की मेसेज तुटतो. तो तुटला म्हणजेच वाक्य संपलं. टिंबाचं काम झालेलंच असतं. मग वरून परत टिंब दिलंस, तर समोरचा म्हणतो, हे कशाला? गरज नसताना दिलंय म्हणजे काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय? बास. संपलं. पुढं बोलू नकोस."

"मी तर नेहमीच देते टिंब."

"तुझ्या त्या निबंधांत चालतं. चार वाक्यं असली की टिंबं लागणारच, तिथं कुणी बघत पण नाही. एका शब्दाला दिलं की बोचतं. मी नववीत असताना ट्रिपला जाऊ का विचारलं होतं, तू लिहिलंस, 'जा.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते."

"खरंच?"

"मग! मला वाटलं घरी आले की मार आहे. तू तर घरी शिरा करून बसलेली. आणि सगळ्यांत वाईट माहितीये कुठं? चांगल्या गोष्टीला. माझा निकाल लागला तेव्हा मोठ्या काकूनं लिहिलं, 'अभिनंदन.' मी म्हटलं, ही जळली. शब्द हसतोय आणि टिंब तोंड वाकडं करतंय, मग माणूस टिंबावर विश्वास ठेवतो. बोलताना आवाज असतो, चेहरा असतो. इथं काहीच नाही, म्हणून एवढ्याशा खुणेतून आवाज ऐकायचा."

"चुकून पडलं असेल," राजेश्वरी म्हणाली. तिला ते स्वतःलाच पटलं नाही.

"पडतं ना. स्पेस दोनदा दाबली की आपोआप पडतं. पण एक अक्षर लिहून मामा दोनदा स्पेस कशाला दाबेल? आणि," वैष्णवीनं वर सरकवत जुने मेसेज बघितले, "बघ की, गेल्या वर्षापर्यंत एक टिंब नाही. 'लई', 'व्हय', 'हाव', सगळं उघडं. मग हे 'बरं.', 'बघतो.', 'नाही.' आई, जो माणूस नेहमी टिंब देतो त्याचं टिंब काही नसतं. आजोबांचं कसं, त्यांच्या प्रत्येक मेसेजला असायचं, त्यांनी कुणाला शिवी दिली असती तरी टिंब देऊनच दिली असती. पण जो कधीच देत नाही तो द्यायला लागला म्हणजे..."

"कळलं," राजेश्वरी म्हणाली. "उतर खाली. ते ताक घुसळ."

अण्णांचं नाव निघालं आणि तिचे हात थांबले.

बब्रुवान, म्हणजे अण्णा, साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या वजनाला लागायच्या, अण्णा आकडा लिहायचे आणि आकड्यापुढं ठळक टिंब द्यायचे. मोकळी जागा सोडली की कुणीतरी पुढं शून्य चिकटवतो, असं त्यांचं म्हणणं. टिंब दिलं की आकडा बंद. ती सवय हातात अशी मुरली की किराणाच्या यादीत, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, देवाच्या फोटोमागच्या तारखेपुढंसुद्धा टिंब. मोबाईल आला तेव्हा तिथंही. त्यांचा राग टिंबात नव्हताच कधी. अण्णा रागावले की लिहायचेच नाहीत.

आणि रणधीर रागावला होता. का ते तिला माहीत होतं, आणि ते आठवून तीच आतून तापायची. माघात अण्णांना धाप लागायला लागली. तिनं हट्टानं त्यांना सोलापूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं. रणधीर म्हणत होता, घरी न्यावं, त्यांना घरी यायचंय. ती म्हणाली, डॉक्टर सोडत नाहीत तोवर नाही. मग एका सकाळी त्याच्या रानात उसाची टोळी आली, आणि तोडणी चुकली तर ऊस वाळणार म्हणून तो ढोकीला गेला. त्याच दुपारी अण्णा गेले. काचेच्या दाराबाहेर ती एकटी होती. हा माणूस उसात होता. आणि आता वर टिंबं देत होता!

"वैष्णवी," ती म्हणाली, "उद्या आपण जायचं. पण मी नुसती जेवून येणार नाही."

"भांडणार?"

"बोलणार."

"म्हणजे भांडणार," वैष्णवी म्हणाली आणि रवी हातात घेतली.

*

ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी पुढं काढता येत नव्हती. दोन-दोन ट्रॉल्या, वर लोंबणारा ऊस, आणि मोठ्यानं लावलेली गाणी. राजेश्वरी स्टिअरिंगवर बोटं आपटत होती. मागच्या सीटवर आंबिलीची घागर वैष्णवीनं मांडीत धरली होती.

"आई, हळू. आंबील सांडली तर मामा म्हणेल, 'बरं.'"

राजेश्वरी हसली नाही.

बांधापाशी गाडी लावून दोघी रानात उतरल्या. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, हरभरा घाट्यांनी भरला होता. आजूबाजूच्या रानांतून माणसं, पोरं, हाका. त्यांच्या रानातली कोप यंदा लहान होती. नैवेद्यापुरतंच करायचं असं आईनं ठरवलं होतं. कोपीच्या तोंडाशी सारजाबाई, तिची आई, पाय पसरून बसली होती. रणधीरची बायको शिवप्रिया पांडवांपुढं हळद-कुंकू मांडत होती.

"आली का माझी बाई," सारजाबाई म्हणाली. "वाळलीस गं."

"या अक्का," शिवप्रिया उठली. "द्या ती घागर. वैष्णवी, किती उंच झालीस!"

रणधीर विहिरीकडून आला. खांद्यावर टॉवेल, पायात चिखल. त्यानं लांबूनच म्हटलं, "आलात का." मग वैष्णवीच्या डोक्यावर टपली मारली. बहिणीकडं नीट बघितलं नाही. वाकून तिच्या पिशव्या उचलल्या आणि कोपीत नेऊन ठेवल्या.

त्यातला तो न बघणारा भाग राजेश्वरीला पुरला.

"रणधीर, बाहेर ये जरा."

"पूजा होऊ दे की."

"आधी ये."

तो आला. टॉवेलनं हात पुसत उभा राहिला. तिनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"काय?"

"हे. 'ये.' ही बोलवायची रीत झाली? राग असेल तर तोंडावर बोल. मी तुझ्या दारात आलेली आहे, बोल. पण ही टिंबं मला द्यायची नाहीत. दहा महिने मी गिळतेय तुझी टिंबं."

"कसली टिंबं?" रणधीर गोंधळून शिवप्रियाकडं बघू लागला.

"तिच्याकडं काय बघतोस? तुला टिंब माहीत नाही होय? आयुष्यात दिलं नाहीस एक. अण्णा गेले आणि सुरू केलंस. यायचंच असेल तर ये, असंच ना? मला नको तुझं उपकाराचं जेवण. आंबील मी घेऊन आलेय, घागर इथं ठेवते आणि जाते."

"अक्का, ऐक तरी..."

"काय ऐकू? न्हाय म्हणायला जीभ जड झाली म्हणून ये म्हणालास!" रागाच्या भरात तिच्या तोंडातून शहरातली भाषा गळून पडली होती. शेजारच्या रानातली माणसं वळून बघायला लागली.

रणधीरचे कान लाल झाले. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक जुना मोबाईल बाहेर काढला. काचेला कोपऱ्यात तडा, मागं चिकटपट्टी. अण्णांचा.

"ते म्या लिवलंच न्हाय," तो म्हणाला.

"तुझ्याच नंबरावरून आलंय."

"बोट माझं हुतं. लिवलेलं अण्णांचं हाय." त्यानं तो मोबाईल उघडला. उसाच्या नोंदीचे मेसेज अजून त्याच नंबरावर येतात, म्हणून तो चालू ठेवला होता. त्यानं तिच्या नावाचे मेसेज उघडले आणि वर सरकवत गेला. "हे बघ. मागल्या येळवसला. त्याच्या आधलं. ह्ये त्याच्या बी आधलं."

प्रत्येक वेळी तिचं लांबलचक 'येऊ का अण्णा?' आणि खाली एकच अक्षर.

'ये.'

'ये.'

'ये.'

"तुझा मेसेज आला," रणधीर म्हणाला. "मला दिवसभर सुधरंना काय लिवावं. येळवसचं आवतन घरातला कर्ता देतो. आता कर्ता मी. 'ये की ग' लिवलं, पुसलं. ते माझंच वाटत हुतं, अण्णांचं न्हाय. मग ह्यो काढला. म्हणलं, अण्णा कसं बोलवायचे ते बघावं आन् जसंच्या तसं टाकावं. त्यात टिंब हुतं म्हणून टिंब दिलं. अण्णांचं टिंब तुला कधी लागलं न्हवतं की."

राजेश्वरी त्या तडा गेलेल्या काचेकडं बघत राहिली. तेच अक्षर, तेच टिंब. अण्णांच्या हातून आलं की ती पिशवी भरायला घ्यायची. रणधीरच्या हातून आलं तेव्हा तिनं चाळणी आपटली होती. तिला रडू यायला हवं होतं. आलं ते दुसरंच काहीतरी.

"तू अण्णा नाहीस," ती म्हणाली.

"न्हाय ना," रणधीर म्हणाला. "मला काय हौस हाय? सगळे मलाच इचारत्यात. टोळीवाला इचारतो, भावकी इचारती, आई इचारती, तू इचारतीस. कुणाला इचारू मी?"

शिवप्रिया उगीचच हळदीची वाटी इकडून तिकडं ठेवू लागली. वैष्णवी घागरीचं तोंड धरून बसली होती.

"बरं, हे अण्णांचं," राजेश्वरी म्हणाली. आवाज खाली आला होता, पण नरम झाला नव्हता. "बाकीची कुणाची? 'बरं.' 'बघतो.' 'नाही.' ती पण अण्णांची?"

रणधीरनं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "ती माझी हैत."

"म्हणजे मुद्दाम."

"मुद्दाम."

"'बघतो' पण?"

"ते तर लईच रागानं. तू लिवलंस सोलापूरला आईचे डोळे दाखव. पुन्हा सोलापूर! तिथंच नेऊन घातलंस अण्णांना. मला म्हणले हुते, 'रणधीर, घरी चल.' नाकातली नळी बाजूला करून म्हणले. आन् मी तुझं ऐकलं. आन् आता परत सोलापूर, डाक्टरचं नाव, वार, येळ, सगळं लिवून. जसा मला कायच कळत न्हाय."

"मग असं बोल ना! हे, हे असं! दहा महिने टिंब का?"

"बोलू कुठं? तुझा मेसेज म्हंजे सात-आठ ओळी, सगळी चिन्हं जागच्या जागी. वाचून वाटतं, आता ह्याला काय उत्तर द्यायचं? भांडायला गेलं तर तू अजून दहा ओळी लिवणार. मी आपलं एक शबुद लिवायचो आन् टिंब दाबायचो. दाबताना बरं वाटायचं. म्हणलं, अक्का वाचतीया एवढी पुस्तकं, एवढं तर कळंल तिला."

"कळलं की."

"मंग इचारलं का न्हाईस?"

रानातला वारा कडब्याच्या पात्यांतून खसखसत गेला.

"तू पण नव्हतास," ती शेवटी म्हणाली. "दुपारी त्यांचा श्वास थांबला तेव्हा मी एकटी होते. तू उसात होतास. काचेतून मी बघत होते आणि तुला फोन लावत होते, आणि तू उचलत नव्हतास. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आला नसेल. असेल तसं. पण मी एकटी होते, रणधीर. ह्याचा राग माझा जात नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही."

"माझा बी जात न्हाय," तो म्हणाला. "माझ्यावरचा बी, तुझ्यावरचा बी."

दोघं एकमेकांसमोर उभे होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. डोळे अण्णांसारखेच घारे होते, आणि ते बघून तिचा राग कमी झाला नाही. फक्त आता ज्याच्यावर राग होता ते माणूस समोर होतं, काचेवरचं टिंब नव्हतं.

कोपीतून सारजाबाईचा आवाज आला. "झालं का रे? का अजून हाय? पांडवं उपाशी बसलेत. ते असते तर एवढ्यात तोंड फिरवून विहिरीवर जाऊन बसले असते, दोघांवर बी रुसून."

"आलो," रणधीर म्हणाला.

त्यानं अण्णांचा मोबाईल खिशात घातला. मग थांबला, परत काढला आणि तिच्यापुढं धरला. "ठेव तुझ्याकडं. उसाचे नंबर मी बदलून घेतो."

"नको," ती म्हणाली. "राहू दे इथंच. पुढच्या वर्षी लागेल." मग तिनं त्याच्याकडं रोखून बघितलं. "पण त्यातलं बघून लिहायचं नाही. तुझं तू लिही."

"लिवतो."

पूजा झाली. रणधीरनं आंबिलीची घागर खांद्यावर घेतली, राजेश्वरीनं हातात ज्वारीचं पान घेतलं, आणि दोघं रानाच्या कडेनं फिरले. तो पुढं, ती मागं, आंबील पिकावर शिंपडत. "ओलगे ओलगे," तो येळवशीची आरोळी द्यायचा. दरवर्षी अण्णा म्हणायचे आणि सगळे मागून ओरडायचे. यंदा त्याच्या मागं ती एकटीच म्हणत होती. एका ठिकाणी त्याचा आवाज अडकला, तेव्हा तिनं पुढचं म्हटलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही. वरंब्यावर पाय घसरला तेव्हा मात्र ती ओरडली, "घागर सांभाळ, मी पहाटे उठून केलीय!" आणि तो म्हणाला, "पाय मोडला तरी चालंल होय तुला?"

"चालेल."

पंगत बसली. वैष्णवीनं मिश्र भाज्यांची भज्जी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाली, "मामा, एक विचारू? तुझ्या टिंबाला आता काय समजायचं?"

"आता न्हाय देणार बाई टिंब," रणधीर म्हणाला. "एक टिंब दिलं तर सगळ्या गावादेखत झाडून काढलं तुझ्या आईनं."

"चार," राजेश्वरी म्हणाली. "चार दिलीस."

"एक अण्णांचं हुतं."

"तीन मग."

*

धाराशिवला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. राजेश्वरीनं रिकामी घागर अंगणात पालथी घातली. आत येऊन बसते न बसते तोच मोबाईल वाजला.

'पोचलीस का'

खाली लगेच:

'का राग धरून बसलीस तेरच्या फाट्यावर'

तिनं वाचलं. वैष्णवी तिच्या खांद्यावरून डोकावली. "टिंब नाही," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

राजेश्वरीनं लिहायला घेतलं. 'पोचले' लिहिलं आणि तिचं बोट टिंबावर जाऊन थांबलं. पुसावं की काय असं क्षणभर वाटलं. वैष्णवी म्हणाली असती, एका शब्दाला देऊ नकोस, बोचतं. पण खोटं लिहायचं तिला येत नव्हतं, आणि आता टिंबाच्या आड लपायचंही नव्हतं. तिनं टिंब दिलं आणि त्याच्यापुढं दुसरं वाक्य लिहिलं.

'पोचले. राग आहे.'

पाठवलं.

पलीकडं बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. थांबायचं, परत दिसायचं. मग एकामागून एक आलं.

'माहितीय'

'मला बी हाय'

'भज्जीचा डबा राहिलाय तुझा उद्या दूधवाल्याबरोबर देतो पाठवून'

'आन् आईचे डोळे कुठं दाखवायचे त्याच्यावर भांडू रविवारी तू ये'

शेवटच्या 'ये' पुढं काहीच नव्हतं. ती त्याच्याकडं बघत होती तेवढ्यात खाली आणखी एक तुकडा उमटला.

'की ग'